कानातले खडे जागा सोडतात तेव्हा

पहाटे मावशीनं कूस बदलली आणि छप्पर गरगर फिरायला लागलं. पलंगाची कड धरून तिनं डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं, पण उठून बसताना पुन्हा तेच. घरात तर्क सुरू झाले: बीपी असेल, पित्त असेल, मानेचा मणका असेल. बीपी, साखर, दोन्ही नीट निघाले. मानेला पट्टा लावून आठवडाही काढला, फरक शून्य. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर नेमकी कधी येते?" मावशी म्हणाली, "उजव्या कुशीवर वळलं की." त्या उत्तरातच निम्मं निदान होतं.

ते समजायला फुगडी आठवा. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात, म्हणजे डोकं कसंही वळलं तरी कुठल्या तरी नलिकेला ते कळतं. नलिकेत द्रव असतो आणि एका फुगीर भागात जेलीसारखा पातळ पडदा आडवा उभा असतो, त्याचं नाव क्युप्युला. डोकं वळलं की नलिका लगेच वळते, द्रव मात्र मागे रेंगाळतो. तो पडद्याला रेटतो, पडद्यात रुतलेले पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. फुगडी एकाच वेगानं चालू राहिली की द्रवही त्या वेगाला येतो आणि खबर ओसरते. मग आपण थांबतो, पण द्रव पुढे जातच राहतो. म्हणून अंगण उलट्या दिशेनं फिरल्यासारखं वाटतं.

या पडद्याची एक खुबी पुढे फार महत्त्वाची आहे. त्याची घनता भोवतीच्या द्रवाइतकीच असते. त्यामुळे तो द्रवात ना बुडतो ना तरंगतो, आणि नुसतं आडवं पडून राहिलं तर नलिकांना काहीच कळत नाही. गुरुत्वाकर्षण हा त्यांचा विषयच नाही.

तो विषय शेजारच्या दोन पिशव्यांचा. त्यांची नावं युट्रिकल आणि सॅक्युल. त्यांच्यातही केसवाल्या पेशी आणि त्यांच्यावर जेली असते, पण जेलीवर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू ज्याचा होतो त्याच पदार्थाचे, बारीक खडे पसरलेले असतात. खडे द्रवापेक्षा बरेच जड. मान कलली की ते उताराकडे सरकू पाहतात, जेली ओढली जाते आणि केस वाकतात. ताठ बसलेल्या माणसात युट्रिकलचा थर जवळपास आडवा असतो, म्हणून गाडीनं पुढे घेतलेला हिसका त्याला कळतो. सॅक्युलचा थर उभा असतो, त्याला लिफ्ट सुटल्याचं कळतं.

मावशीच्या कानात झालं होतं ते एवढंच: युट्रिकलवरचे काही खडे सुटून नलिकेत घरंगळले होते. वयानं हे खडे ठिसूळ होतात, कधी डोक्याला मार लागूनही सुटतात. बहुतेक वेळा ते मागच्या नलिकेत जातात, कारण ती सगळ्यांत खाली असते. आता जिला गुरुत्वाकर्षण कळायला नको त्या नलिकेत वजन येऊन पडलं. कुशीवर वळलं की खडे खाली घसरतात, जाताना द्रव ओढतात, पडदा वाकतो आणि डोकं स्थिर असतानाही मेंदूला कळतं की आपण फिरतोय. खडे तळाला टेकले की खेळ संपतो. म्हणूनच चक्कर काही सेकंद उशिरा सुरू होते आणि साधारण मिनिटाच्या आत थांबते.

१९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी याची तपासणी नीट मांडून दाखवली. डॉक्टरांनी मावशीची मान उजवीकडे ४५ अंश वळवली, तिला झटकन उताणं झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवलं आणि डोळे उघडे ठेवायला सांगितलं. नलिकांची तार थेट डोळ्यांच्या स्नायूंशी जोडलेली असते. दोन-चार सेकंदांनी बुबुळं कपाळाकडे झटके देत, गोल वळत नाचायला लागली. दोष उजव्या कानात आहे, हे तिथंच कळलं.

उपाय जॉन एप्ली या अमेरिकी डॉक्टरांच्या नावानं ओळखला जातो. नलिका म्हणजे वाकडी नळी आणि आत वाळूचे कण, मग नळीच फिरवून कण बाहेर काढायचे, इतका साधा विचार. त्याच लोंबत्या अवस्थेत चक्कर थांबेपर्यंत थांबले. मग डोकं ९० अंश डावीकडे वळवलं, पुन्हा थांबले. मग मावशीला डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे जाईल इतकं वळवलं. शेवटी त्याच बाजूनं उठवून बसवलं. प्रत्येक टप्प्याला अर्धा-एक मिनिट. तेवढ्यात खडे घरंगळत युट्रिकलमध्ये परततात, आणि तिथं ते त्रास देत नाहीत. चक्करेच्या गोळ्या मळमळ दाबतात, पण खडे हलवू शकत नाहीत. (मानेचा पट्टा तर नाहीच.) मात्र पहिल्यांदा हे घरी करून पाहू नये: बाजू किंवा नलिका चुकली तर उपयोग होत नाही, आणि मानेचं दुखणं असेल तर आधी सांगावं.

प्रत्येक चक्कर अशी नसते. ती तासन्‌तास सुरूच राहिली, सोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, चालताच येईना किंवा हातापायातली शक्ती गेली, तर खड्यांचा विचार सोडून तडक मोठं हॉस्पिटल गाठावं, कारण तो मेंदूतला झटका असू शकतो.

मावशीला दोनदा हे करावं लागलं. खडे पुन्हा सुटू शकतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती अजून उजव्या कुशीवर वळताना क्षणभर थांबते.