नदी स्वतःचे वळण का तोडते?

सपाट मैदानातून वाहणारी नदी फार काळ सरळ राहत नाही. काठाचा एखादा मऊ भाग ढासळला किंवा पात्रात वाळूचा उंचवटा साचला, की धार थोडी एका बाजूला झुकते आणि तिथून वळणाची सुरुवात होते. पुढे ते वळण वाढत का जाते, हा खरा प्रश्न आहे. ‘बाहेरच्या काठावर पाणी जोरात आदळते, म्हणून तो झिजतो’ हे नेहमीचे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे, कारण आतल्या काठाशी वाळू कशी येऊन पडते हे त्यातून उलगडत नाही.

त्यासाठी पात्राच्या तळाकडे पाहावे लागते. वळणावर पृष्ठभागाजवळचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे ढकलले जाते आणि तिथली पातळी आतल्या काठापेक्षा किंचित उंच होते. तळाजवळचे पाणी मात्र घर्षणामुळे मंद असते. वरच्या पाण्याइतका बाहेर जाण्याचा जोर त्याच्यात नसतो, त्यामुळे त्या उंचावलेल्या पातळीचा दाब त्याला उलट आतल्या काठाकडे लोटतो. वर बाहेरच्या दिशेने, खाली आतल्या दिशेने आणि एकूण पुढे, अशा या तिहेरी गतीमुळे पाणी मळसूत्रासारखे फिरत वाहते. चहा ढवळून चमचा बाहेर काढला की तळाशी बसलेली पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते, तेही याच कारणाने. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1926 मध्ये नदीची वळणे समजावताना हाच दाखला दिला होता.

बाहेरच्या काठाला लागून पात्र सर्वांत खोल असते. तिथे धार काठाचा पायथा पोखरते. काठात खाली वाळू आणि वर चिकणमाती असेल, तर वाळू आधी वाहून जाते आणि मातीचा थर छज्जासारखा अधांतरी राहतो. तो कोसळण्याची वेळ पुष्कळदा पुराच्या शिखरावर न येता पूर ओसरताना येते, कारण तोपर्यंत काठ पाणी पिऊन जड झालेला असतो आणि त्याला बाहेरून टेकू देणारे नदीचे पाणी उतरलेले असते. ढासळलेला गाळ बहुतांशी समोरच्या काठावर जात नाही. तो प्रवाहाबरोबर खाली जाऊन पुढच्या एखाद्या वळणाच्या आतल्या बाजूला विसावतो. आतल्या काठाशी जी वाळू साचते, ती मुख्यतः वरच्या बाजूने आलेली असते. एका बाजूचे खनन आणि दुसऱ्या बाजूचे संचयन साधारण बरोबरीने चालते, म्हणून नदी सरकत असतानाही तिच्या पात्राची रुंदी फारशी बदलत नाही.

वळण वाढता वाढता त्याची दोन टोके एकमेकांजवळ येतात आणि मध्ये जमिनीची अरुंद मान उरते. समजा, वळणाची लांबी 12 किलोमीटर आहे, तेवढ्या अंतरात नदी 1.2 मीटर उतरते आणि मान 300 मीटर रुंद आहे. वळणावरून गेल्यास उतार किलोमीटरला 10 सेंटीमीटर पडतो. मानेवरून तोच उतार किलोमीटरला 4 मीटर, म्हणजे 40 पट होतो. एखाद्या पुरात पाणी मानेवरून वाहू लागले, की या तीव्र उतारावर ते वेगाने नवे पात्र कोरू शकते.

अमेरिकेतील व्हिक्सबर्ग शहरासमोर मिसिसिपी नदीचे असेच एक वळण होते. यादवी युद्धात शहराच्या तोफांचा मारा चुकवण्यासाठी जनरल ग्रँट यांच्या सैन्याने 1863 मध्ये त्या वळणाच्या भूशिरावरून कालवा काढण्याची खटपट केली. ती फसली. पुढे 1876 च्या एप्रिलमध्ये नदीने स्वतःच ते भूशीर फोडले आणि व्हिक्सबर्ग मुख्य प्रवाहापासून तुटले. शहराच्या बंदरापाशी पाणी परत आणण्यासाठी अखेर याझू नदीचे पाणी कालव्याने वळवावे लागले आणि ते काम विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाले.

मान तुटल्यावर जुने वळण लगेच सरोवर होत नाही. दोन्ही तोंडांशी प्रवाह मंदावतो, तिथे वाळूचे बांध साचतात आणि त्यानंतर आतले पाणी नदीपासून वेगळे पडते. हेच नालाकृती सरोवर. बिहारमधील बेगुसराय जिल्ह्यातला काबरताल हे बुढी गंडक नदीने मागे सोडलेले असेच सरोवर मानले जाते. पुढे अशा सरोवरात प्रत्येक पुराबरोबर फक्त बारीक गाळ पोहोचतो आणि संथ पाण्यात तळाशी बसतो. शेकडो वर्षांत सरोवर भरून जाते, तरी नकाशावर त्याची कमान ओळखू येते, कारण तिची रुंदी जुन्या पात्राइतकीच असते आणि तिथली जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा सखल व ओलसर राहते.

नदीच्या दृष्टीने हा भरलेला भाग अडथळाच असतो. वाळूचा काठ ती सहज कापते. पण सरकत सरकत ती या घट्ट चिकणमातीला येऊन भिडली, की तिची गती मंदावते. मग ते नवे वळण त्या ठिकाणी अडून राहते आणि दोन्ही बाजूंनी वेडेवाकडे फुगते.