स्ट्रोकनंतर बीपी २०० आणि डॉक्टर गप्प: जिभेखालच्या कॅप्सूलपासूनची गोष्ट

आमच्या मामांना खानापूरकडच्या गावात पहाटे अंगावरनं वारं गेलं. वय ६४, बीपीची गोळी कधी घ्यायचे कधी नाही. साडेपाचला उठायला गेले तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं, पण बोलत होते आणि धरलं की पाय टाकत होते. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, २१०/११०. त्यांनी लगेच कॅप्सूल टोचून जिभेखाली दिली, अर्ध्या तासात बीपी १३०/८०, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि गाडीत बसवून बेळगावला निघालो तर वाटेतच मामांचं बोलणं बंद झालं आणि पायातली होती नव्हती ती ताकद पण गेली.

बेळगावच्या हॉस्पिटलात उलटंच. सलाईन लावलं, डोक्याचा सीटी काढला, रक्तस्राव नाही, म्हणजे रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली. झोपेत झाल्यामुळे सुरुवात नेमकी कधी झाली ते कळेना म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. दुपारी बीपी परत १९६ वर गेलं, मामी घाबरून सिस्टरकडे धावली, तर सिस्टर कन्नडमध्ये म्हणाली, "जास्ती ऐत्री, नोडोणरी", म्हणजे जास्त आहे, बघूया, आणि आपल्या कामाला गेली. मामी चिडली, मी पण चिडलो. हे "बघूया" कुठनं आलं ते नंतर वाचत गेलो, तेच इथं लिहितोय.

ही गोष्ट सुरू होते १९५९ साली. नील्स लासन नावाच्या डॅनिश डॉक्टरनं तोवरची मेंदूच्या रक्तपुरवठ्याची मोजमापं एकत्र मांडून दाखवलं की निरोगी माणसाचं बीपी बऱ्यापैकी वरखाली झालं तरी मेंदूला जाणारं रक्त जवळपास तेवढंच राहतं, कारण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःच आकसतात नाहीतर फुगतात. पुढं १९७३ मध्ये लासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवलं की वर्षानुवर्षं बीपी जास्त असलेल्यांच्यात ही सगळी सोय वरच्या आकड्यांकडं सरकलेली असते, म्हणजे दुसऱ्याला चालणारं कमी बीपी अशा माणसाच्या मेंदूला कमी पडू शकतं. मामा नेमके त्यातले.

आता स्ट्रोकमध्ये काय होतं? गुठळीच्या पुढचा मधला भाग काही मिनिटांत मरायला लागतो, पण त्याच्या कडेचा भाग आजूबाजूच्या बारीक वाटांनी येणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असतो, काम बंद पण जिवंत. हा कडेचा भाग १९७०च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी ओळखला. तिथल्या रक्तवाहिन्या आधीच पूर्ण फुगलेल्या असतात, आणखी फुगायला जागाच नाही, त्यामुळं तिथं किती रक्त पोचणार ते सरळ बीपीवर अवलंबून. आपल्याकडं कॅनॉलच्या टेलला ज्यांचा ऊस आहे त्यांना हे सांगायला नको, वरनं पाणी कमी सोडलं की मधल्या शेतांचं भागतं आणि टेलवाल्याचं वाळतं.

मामांचाच हिशोब करा. सरासरी दाब काढायला खालच्या आकड्यात दोन्हीतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवतात. २१०/११० चा सरासरी दाब साधारण १४३, आणि १३०/८० चा ९७. म्हणजे अर्ध्या तासात तिसरा हिस्सा दाब गेला. त्यामुळंच बिघडलं असं छातीठोक कोण सांगू शकणार नाही, गुठळी आपणहून पण वाढते, पण बेळगावच्या डॉक्टरांचा चेहरा कॅप्सूलचं ऐकून पडला होता एवढं खरं.

ती कॅप्सूल म्हणजे निफेडिपिन. एके काळी जगभर इमर्जन्सीत हीच द्यायचे, टोचून जिभेखाली पिळायची नाहीतर चावून गिळायची. अडचण ही की बीपी किती उतरणार ते हातात राहत नाही, आणि एकदा दिली की परत काढून घेता येत नाही. अमेरिकेच्या औषध खात्यानं १९८५ मध्येच अशा वापराला मंजुरी द्यायला नकार दिला होता, आणि १९९६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि मृत्यूच्या केसेस गोळा करून हे बंदच करा म्हणून लिहिलं. आमच्या तालुक्यात ती सवय अजून गेलेली नाही, आणि डॉक्टरला एकट्याला दोष देऊन पण चालत नाही, आकडा उतरला नाही तर नातेवाईकच म्हणतात यानं काहीच केलं नाही.

१९८१ मध्ये एक साधी पण भारी गोष्ट छापून आली. वॉलेस आणि लेव्ही या दोघांनी स्ट्रोकचे ३३४ पेशंट ओळीनं बघितले. दाखल झाले त्या दिवशी ८४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं, आणि दहा दिवसांत ते आपणहून सरासरी २० नं वरचं आणि १० नं खालचं उतरलं. म्हणजे त्या दिवसाचं बीपी बरंचसं त्या झटक्याचंच असतं: भीती, डोकेदुखी, तुंबलेली लघवी, अंगातले ताणाचे हार्मोन. मामांची लघवी नळी घालून काढल्यावर बीपी वीसेक पॉइंट उतरलं, औषध काहीच न देता!

तरी "उतरवलं तर फायदा होईल का" हा प्रश्न राहिलाच, म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. २०११ मध्ये युरोपात दोन हजारावर पेशंटवर कॅन्डेसार्टन नावाची बीपीची गोळी वापरून बघितली, फायदा नाही, झालाच तर थोडा तोटाच. चीनमध्ये २०१४ ला चार हजारावर गुठळीवाल्या पेशंटचं बीपी सावकाश उतरवलं, मृत्यू आणि अपंगत्वात फरक शून्य. त्यामुळं आज गुठळीचा स्ट्रोक असेल आणि विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत, त्याच्या वर गेलं तर पहिल्या दिवसात साधारण १५ टक्केच उतरवतात. इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र आधी १८५/११० च्या खाली आणावंच लागतं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. हार्ट फेल होत असेल, महाधमनी फाटत असेल तर पण थांबत नाहीत.

आणि मुळात रक्तस्रावाचाच स्ट्रोक असेल तर सगळंच उलटं, तिथं वरचा आकडा लवकरात लवकर १४० च्या आसपास आणायला बघतात, पण तो पण सलाईनमधनं, मोजत मोजत. बाहेरनं दोन्ही पेशंट सारखेच दिसतात. हे किती नडतं ते २०२४ च्या चीनमधल्या चाचणीत दिसलं, सीटीच्या आधी ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवलं तर रक्तस्राववाल्यांना फायदा झाला आणि गुठळीवाल्यांचं नुकसान झालं, दोन्ही मिळून हिशोब बरोबरीत. घरात बसून कॅप्सूल देणं म्हणजे यातलं कुठलं आहे ते न बघताच डाव लावणं.

मामांचं बीपी दुसऱ्या दिवशी १८४, चौथ्या दिवशी १६८ झालं. पाणी गिळता येतंय का ते बघून मग तोंडानं एक गोळी चालू केली, नंतर दुसरी, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मामीला सांगितलं की येत्या काही आठवड्यांत १३०/८० च्या खाली आणायचंय आणि आता गोळी चुकवायची नाही. मामी म्हणाली, "मग पहिल्या दिवशीच का न्हाई आणलं?" डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि परत पहिल्यापासनं सांगायला घेतलं.