लेबलवरचे दावे तपासणं (खाद्यपदार्थ)

पॅकेटवर ‘नॅचरल’, ‘होममेड’, ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ असं जे छापलेलं असतं त्या प्रत्येक शब्दाला कागद मागायचा, कागद मिळाला नाही तर तो शब्द काढायचा किंवा बदलायचा, एवढंच हे काम. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात ते मुख्यतः लोणची, मसाले, लाडू-चिवडा करणाऱ्या छोट्या उद्योगांचं आणि बचत गटांचं असतं, म्हणजे कळव्यात किंवा ऐरोलीत माल बनतो, कच्चा माल वाशीच्या एपीएमसीतून येतो आणि विक्री गावदेवी मैदानाजवळ, गोखले रोडवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर होते. लेबल बहुतेक वेळा छपाईवाल्याचा डिझायनर बनवतो आणि दावे दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटावरून उचललेले असतात, तिथूनच गडबड सुरू होते.

नियमांची पार्श्वभूमी

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९५५ चे नियम होते. दाव्यांसाठी वेगळे नियम एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये काढले, ते २०१९ च्या मध्यापासून लागू झाले. लेबलवर काय काय छापायचं (घटकांची यादी, १४ अंकी लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन नंबर वगैरे) त्याचे नियम २०२० चे आहेत. चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘१००%’ हा आकडा तर आता टाकूच नये, आधी २०२४ मध्ये फळांच्या रसाबाबत आणि मग २०२५ मध्ये एकूणच सगळ्यांना एफएसएसएआयने तो न वापरायला सांगितलंय.

‘नॅचरल’

हा तिघांत सगळ्यात सोपा आहे, कारण नियमातच व्याख्या आहे. शब्द फक्त एकाच घटकाच्या पदार्थाला चालतो, म्हणजे झाड, प्राणी, खनिज किंवा सूक्ष्मजीवापासून मिळालेला, त्यात काहीही न मिसळलेला आणि भाजणं, वाळवणं, गोठवणं, पाश्चरायझेशन असल्या प्रक्रियेपुरताच हात लावलेला. नुसती वाळवलेली हळद यात बसते. लोणचं बसत नाही, कितीही प्रेमाने केलं तरी नाही, कारण त्यात अनेक घटक एकत्र आलेत. अशा पदार्थाला फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं’ म्हणता येतं, आणि तेही यादीतला प्रत्येक घटक वरच्या कसोटीला उतरला तरच. दावे बहुतेक इथेच आपटतात, ते कसं ते पुढे उदाहरणात येईल. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल आणि त्याने गैरसमज होण्यासारखा असेल तर ‘हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही’ अशा अर्थाची ओळ किमान ३ मिलिमीटर अक्षरात छापावी लागते. पारंपरिक, अस्सल, शुद्ध, ताजं यांच्याही अटी २०१८ च्याच नियमांच्या परिशिष्टात आहेत.

‘होममेड’

२०१८ च्या नियमांत ‘होम मेड’, ‘होम कुक्ड’ आणि त्यासारखे शब्द, ज्यांनी ग्राहकाचा चुकीचा समज होऊ शकतो, ते वापरू नयेत अशा आशयाचा भाग आहे. त्याची वाचनं दोन. एक गट म्हणतो की हे शब्द सरळ बंदच आहेत, ‘चुकीचा समज’ हे फक्त कारण दिलंय. दुसरा गट म्हणतो की समज चुकीचा होत असेल तरच बंदी, खरंच घरच्या ओट्यावर केलेलं असेल तर शब्द खरा आहे आणि खरं बोलायला अडकाठी कशाला. दुसऱ्या वाचनात व्यवहाराचा विचार जास्त आहे आणि घरून काम करणाऱ्या बायकांच्या बाजूचं आहे म्हणून ते ओढून घेतं, पण लेबल लिहिणाऱ्याने पहिलं वाचन धरून चालावं हे बरं, कारण तपासणीला आलेल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासमोर शब्दाचा अर्थ पटवून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावरच येते.

शिवाय धंदा वाढला की शब्द आपोआप खोटा पडतो. सुरुवातीला कळव्याच्या घरात १० किलो व्हायचं, ऑर्डर वाढल्यावर काम रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटला दिलं, पाऊच मात्र जुनाच, अशी उदाहरणं या पट्ट्यात सहज दिसतात. त्यामुळे शब्दाऐवजी वस्तुस्थिती लिहावी. ‘कळव्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, १० किलोच्या घाण्यांत बनवलेलं’ हे वाक्य रजिस्ट्रेशनवरच्या पत्त्याशी आणि बॅच रजिस्टरशी ताडून बघता येतं. युनिट बदललं की वाक्यही बदलावंच लागतं, आणि ते बदलायचं राहिलं तर पत्त्यावरून लगेच पकडलं जातं. ‘घरगुती’, ‘घरचं’ असं मराठीत लिहिलं म्हणून सुटका होईल असंही समजू नये.

‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’

खरा वाद इथे आहे. १९५५ च्या नियमांनी प्रिझर्व्हेटिव्हची व्याख्या अशी केली होती की जो पदार्थ अन्नात घातल्यावर आंबणं, आंबट होणं किंवा कुजणं थांबवतो, लांबवतो किंवा कमी करतो तो. मग त्याचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेल वगैरे, दुसऱ्यात बेंझोइक आम्ल आणि त्याचे क्षार, जसं सोडियम बेंझोएट, ज्याचा पाकिटावर छापला जाणारा मिश्रक क्रमांक आयएनएस २११ आहे, सॉर्बिक आम्ल, सल्फाइट, नायट्राइट वगैरे. पहिल्या वर्गावर प्रमाणाची बंधनं नाहीत, दुसऱ्यावर आहेत. २०११ च्या मानकांतही हीच विभागणी आली.

आता ही व्याख्या शब्दशः धरली तर मीठ-तेलात मुरलेलं लोणचं म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचीच बरणी, त्याच्यावर ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणणं चूक. काही सल्लागार असंच मानतात. बाकीचे म्हणतात की ग्राहकाच्या डोक्यात प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे दुसरा वर्ग, मीठ नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणाऱ्या संस्थेची १९७९ ची दाव्यांबद्दलची सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वं याच्या मधून वाट काढतात. ‘नाही’चा दावा करायचा असेल तर ती वस्तू त्या पदार्थात घालायची परवानगी असली पाहिजे, ग्राहक ती तिथे असेल असं साधारणपणे धरत असला पाहिजे, आणि तिच्या जागी तेच काम करणारं दुसरं काही घातलं असेल तर तेही तितक्याच ठळकपणे सांगितलं पाहिजे. या शेवटच्या अटीमुळे मला दावा एकाच ओळीत पूर्ण करणं योग्य वाटतं: ‘सोडियम बेंझोएट घातलेलं नाही, मीठ आणि तेलावर टिकतं.’ कुणालाही हरकत घ्यायला जागा राहत नाही.

‘मुक्त’ आणि ‘घातलेलं नाही’ यांतला फरकही इथे बघायचा. ‘मुक्त’ म्हटलं की लॅबमध्ये शून्य यायला हवं, आणि दालचिनी, लवंग यांत बेंझोइक आम्ल मुळातच थोडं असतं, त्यामुळे मसालेदार लोणच्यात कुणी काही न घालताही ते रिपोर्टवर उमटू शकतं. ‘घातलेलं नाही’ हे मात्र रेसिपीबद्दलचं विधान आहे, ते खरेदीची बिलं आणि बॅच रजिस्टर दाखवून सिद्ध करता येतं.

एक लेबल

नमुन्यादाखल एका बचत गटाचं कैरीचं लोणचं घेऊ. पाऊचवर पुढे ‘१००% नॅचरल, होममेड, नो प्रिझर्व्हेटिव्ह’. एका घाण्याला कैरी ६ किलो, रिफाइंड तेल १.६ किलो, मीठ १.२ किलो, मोहरीची डाळ अर्धा किलो, तिखट ४०० ग्रॅम आणि हळद, मेथी, हिंग. घटकांची यादी वजनाने उतरत्या क्रमात लावली की हाच क्रम येतो, तो आधी नीट करून घ्यायचा, कारण पुढची सगळी तपासणी यादीवरूनच होते.

मग प्रत्येक घटकाचं मूळ पाकीट उलटं करून वाचायचं. तेलाच्या डब्यावर अँटिऑक्सिडंट, आयएनएस ३१९, असं सापडतं. हा प्रिझर्व्हेटिव्हच्या वर्गात नाही, नियमांत अँटिऑक्सिडंट वेगळे आहेत, पण ‘नैसर्गिक घटकांपासून’ हा दावा त्याने लगेच गेला. हिंगाची डबी बघितली तर तो बांधानी हिंग, त्यात डिंक आणि मैदा. म्हणजे नॅचरल तर नाहीच, वर गव्हाची ॲलर्जी सूचना लेबलवर हवी होती ती राहिलीये, आणि माझ्या मते या सगळ्या पाऊचवरची सगळ्यात गंभीर चूक हीच, कारण बाकीच्या शब्दांनी ग्राहक फसतो, हिने आजारी पडू शकतो.

गटाने तेल बदलून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलं तर तो अडथळा जातो, पण मग यादीत शेंगदाणा येतो, तोही ॲलर्जीच्या यादीतला. हिंग तसाच राहिला तर ‘नैसर्गिक घटकांपासून’ छापायचं नाही, त्यापेक्षा ‘लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरलंय’ हे नेमकं आणि विकायलाही चांगलं वाक्य आहे, फक्त तेलवाल्याची बिलं जपून ठेवावी लागतात.

प्रिझर्व्हेटिव्हची ओळ टिकते का हे बघताना लसूण घातलेल्या प्रकाराकडे वेगळं लक्ष द्यावं. तिथे वेळ वाचवायला तयार लसूण पेस्ट वापरलेली असेल तर तिच्या पाकिटावर बेंझोएट किंवा सायट्रिक आम्ल (आयएनएस ३३०) लिहिलेलं असू शकतं. सायट्रिक आम्लाने ओळीला धक्का लागत नाही, बेंझोएटने लागतो, आपण स्वतः काही घातलं नाही असं म्हणून भागत नाही कारण ते पेस्टमधून आलंच. ॲसेटिक आम्ल (आयएनएस २६०) जपून, ते आम्लता नियंत्रक आणि प्रिझर्व्हेटिव्ह अशा दोन्ही कामांसाठी नोंदलेलं आहे.

शेवटी पुढच्या बाजूला राहतं ते असं: ‘कैरीचं लोणचं. कळव्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, १० किलोच्या घाण्यांत. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. सोडियम बेंझोएट घातलेलं नाही, मीठ आणि तेलावर टिकतं.’ प्रत्येक वाक्याच्या मागे एक कागद: रजिस्ट्रेशन, बॅच रजिस्टर, तेलाचं बिल, घटकांच्या पाकिटांचे फोटो. बेंझोएटसाठी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट जोडला तर उत्तमच, पण रिपोर्ट त्या एका नमुन्याचा असतो, रोजच्या घाण्यांची साक्ष रजिस्टरच देतं.

कुठे बिघडतं

तेल कमी पडणं हे नेहमीचं. तेलातल्या लोणच्याला मानकात फोडी तेलात बुडलेल्या हव्यात अशी अपेक्षा आहे. खर्च वाचवायला वरच्या तेलाचा थर कमी केला की जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वरच्या फोडींवर बुरशी दिसते, दोन-चार पाकिटं परत येतात, आणि मग कुणीतरी गुपचूप चिमूटभर बेंझोएट घालायला लागतं. पाऊच तर हजारोंनी छापून पडलेले. लोणच्यात ते घालायला मर्यादेत परवानगी आहे, त्यामुळे घालणं गुन्हा नाही, पण पाऊचवरची ओळ त्या दिवसापासून खोटी आहे आणि घटकांची यादीही अपुरी आहे. हे बाहेरून कळतं ते खरेदीच्या बिलातून, म्हणून पावसाळ्यानंतर बिलं आणि पाऊच एकदा शेजारी ठेवून बघावेत.

स्टॉलवरचा फ्लेक्स, व्हॉट्सॲप कॅटलॉग, इन्स्टावरची पोस्ट हे जाहिरातीत येतं. पाऊच दुरुस्त झाला तरी कॅटलॉगमधला जुना फोटो राहून जातो, त्यावर ‘१००%’ तसाच असतो.