बेल्ट घसरतोय, मोटर तापतेय आणि आपण बोल्ट आवळतोय

ट्रेडमिल रिकामी चालवली की झक्कास फिरते, पण ८० किलोचा माणूस वर चालायला लागला की टाच टेकताना दर वेळी बेल्ट क्षणभर अडकतो आणि झटका देऊन पुन्हा निघतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत पुढच्या कव्हरखालून गरम वास यायला लागतो. अशा वेळी बहुतेक लोक अ‍ॅलन की घेऊन बेल्टचा ताण वाढवणारे मागचे दोन बोल्ट आवळून टाकतात. घसरणं थांबतंही, पण वास वाढतो.

असं का होतं ते बघू. बेल्टच्या खाली एक लाकडी फळी असते, तिला डेक म्हणतात, आणि बेल्ट तिच्यावरून घासत जातो. ८० किलो वजन म्हणजे साधारण ८०० न्यूटन दाब. डेकवर सिलिकॉन ऑइल नीट लावलेलं असेल आणि घर्षणाचा गुणांक समजा ०.१५ धरला तर बेल्ट ओढायला १२० न्यूटन लागतात, डेक कोरडा पडून तोच गुणांक ०.३ झाला की २४०. आता पुढचा रोलर बेल्टला फक्त पकडीच्या जोरावर ओढतो, त्यामुळे ओढ दुप्पट झाली की पकड कमी पडते आणि बेल्ट घसरतो. म्हणजे बेल्ट ढिला नसतानाही घसरू शकतो! बोल्ट आवळून आपण पकड वाढवतो, पण घर्षण तसंच राहतं, शिवाय रोलरच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

याचा सगळा भार येतो मोटरवर. घरच्या बऱ्याच ट्रेडमिलमध्ये डीसी मोटर असते आणि तिचा जोर करंटच्या प्रमाणात असतो, पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आणि गंमत म्हणजे हळू चालणं मोटरला जास्त जाचक ठरतं, कारण घर्षण जवळपास तेवढंच राहतं पण मोटरच्या शाफ्टवरचा पंखा मंद फिरतो आणि वारा कमी मिळतो. 'मी तर ३ च्याच स्पीडने चालतो, मग मोटर का तापते' याचं उत्तर हे आहे.

म्हणून आधी नक्की काय घसरतंय ते बघायचं. पुढचं कव्हर काढून (आत हात अजिबात घालायचा नाही, केस-ओढणी लांब) मंद स्पीडवर एकाने दांडा धरून चालायचं आणि दुसऱ्याने लांबून बघायचं. रोलर फिरतोय पण वरचा बेल्ट अडकतोय, तर घसरण बेल्ट आणि रोलरमध्ये आहे. मोटर फिरतेय पण रोलर थांबतोय, तर मोटरपासून रोलरपर्यंतचा छोटा ड्राइव्ह बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय, तिथे मागचे बोल्ट कितीही आवळा, काही फरक पडणार नाही. आणि मोटरच दबत असेल तर मामला विजेचा किंवा अति भाराचा.

पहिला प्रकार असेल तर प्लग काढून बेल्टखाली हात घालायचा. बोटांना थोडंसं बुळबुळीत लागलं तर ठीक, कोरडं आणि खरखरीत लागलं तर शंभर टक्के सिलिकॉन ऑइल डेकच्या मधल्या भागात पातळ लावायचं. मशीनचं ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे नको, त्याने बेल्ट खराब होतो. आणि हात सैल सोडून ओतायचंही नाही, कारण जास्तीचं सिलिकॉन रोलरवर गेलं की बेल्ट परत घसरणार. काही मशीनच्या डेकला मेणाचा थर असतो, त्यात सिलिकॉन चालत नाही, मॅन्युअल बघा.

मग ताण. बेल्टची कड मधोमध उचलली तर साधारण ५ ते ७ सेंमी वर यायला हवी. त्याहून जास्त आली तरच दोन्ही बोल्ट सारखेच, एका वेळी पाव फेरा आवळायचे, नाहीतर बेल्ट एका बाजूला सरकतो. एवढं करूनही अडकत असेल तर डेकचा वरचा थर झिजलाय किंवा बेल्टची आतली बाजू चकचकीत झालीय, मग नवीन घालण्यावाचून इलाज नाही.

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डाचं, म्हणजे कंट्रोलरचं, दुखणं ओळखू येतं कारण ते वजनावर अवलंबून नसतं. ड्राइव्ह बेल्ट काढून नुसती मोटर फिरवली तरी ती आचके देत असेल तर संशय कार्बन ब्रशवर किंवा कंट्रोलर बोर्डावर. ट्रेडमिल चालू होऊन काही सेकंदांत एरर देऊन बंद पडत असेल तर आधी स्पीड सेन्सर आणि पुलीवरचा छोटा चुंबक बघायचा, बोर्डाला वेग कळलाच नाही तर तो बंदच करतो. बोर्डावरचा पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर मात्र उलटं होतं, स्टार्ट दाबल्याबरोबर मोटर एकदम फुल स्पीडने पळते, आणि सेफ्टी की ओढूनही थांबेलच याची खात्री नसते. अशी ट्रेडमिल प्लग काढून बाजूला ठेवायची, आणि प्लग काढला तरी बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं चार्ज राहतो, त्यामुळे लगेच हात लावायचा नाही.