खतविक्रेत्याचा भयपट आणि वाईट सिनेमांची निवड

‘काहीतरी भिकार सिनेमा लावू या, हसू तरी’ असं कुणी म्हटलं की बहुतेक जण सर्वांत कमी रेटिंगची यादी उघडतात आणि अर्ध्या तासात सगळे आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. भिकार सिनेमे ढिगाने निघतात आणि त्यातले बहुतेक नुसते कंटाळवाणे असतात. मोजकेच मनापासून हसवतात. हे मोजके सिनेमे रेटिंगमधून कधीच वर आले नाहीत. दरवेळी कुणीतरी ढिगारा उपसला आणि कुठल्यातरी गर्दीसमोर तो सिनेमा लावून पाहिला.

पहिली गर्दी मध्यरात्रीच्या खेळांची. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरने ‘एल टोपो’ नावाचा चमत्कारिक सिनेमा रात्री बाराला लावायला सुरुवात केली. जाहिरात फारशी नव्हती, तरी तो महिनोन्‌महिने चालला. तो काही वाईट सिनेमा नव्हता, पण रात्री उशिरा जमून आरडाओरडा करत सिनेमा बघण्याची सवय तिथून लागली. त्याच सुमारास गांजावरची बंदी उठवावी म्हणून झटणाऱ्या कीथ स्ट्राउप यांना अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात ‘रीफर मॅडनेस’ सापडला. १९३६ चा हा उपदेशपट गांजाच्या चार झुरक्यांत पोरं खून करतात, वेडी होतात, असं अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो. स्ट्राउप यांनी २९७ डॉलरला त्याची प्रिंट घेतली आणि महाविद्यालयांत खेळ लावले. पालकांना घाबरवण्यासाठी काढलेल्या सिनेमावर विद्यार्थी पोट धरून हसले. त्यावर कॉपीराइट उरलेला नव्हता, म्हणून तो वाटेल तसा पसरला. वाईट सिनेमांच्या इतिहासात कॉपीराइटची ही ढिलाई पुन्हा पुन्हा भेटते. फुकटात मिळणारी गोष्टच लोक हजारदा दाखवतात.

पुढे १९८० मध्ये हॅरी आणि मायकल मेडवेड या भावांच्या ‘गोल्डन टर्की ॲवॉर्ड्स’ या पुस्तकात वाचकांच्या मतांवरून दिग्दर्शक एड वूडचा ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ सर्वकाळचा सर्वांत वाईट चित्रपट ठरला. त्यातला भयपटांचा नट बेला लुगोसी चित्रीकरणाआधीच वारला होता, त्याचे आधी घेतलेले थोडे तुकडे तेवढे हाती होते. उरलेल्या दृश्यांत वूडने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे मणके दाबून उपचार करणाऱ्याला, उभं केलं. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच, म्हणून पूर्ण सिनेमाभर चेहऱ्यासमोर झगा धरून वावरतो. वूड १९७८ मध्येच गेला होता, त्यामुळे ही कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही. मला स्वतःला हा ‘सर्वांत वाईट’ किताब पटत नाही. ‘प्लॅन ९’ मध्ये दर दोन मिनिटांनी काहीतरी घडतं आणि खरे वाईट सिनेमे एवढी मेहनत घेत नाहीत.

पण निवड कशी होते हे समजायचं तर ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ची कहाणी पाहावी. टेक्सासमधल्या एल पासो गावचा हॅरल्ड वॉरन विमा आणि खतं विकायचा. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंटशी त्याची ओळख झाली, आणि भयपट काढणं अवघड नसतं अशी पैज वॉरनने त्याच्याशी लावली. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, नायक, सगळं त्याने स्वतःकडे ठेवलं. खर्च साधारण १९ हजार डॉलर. कॅमेरा हाताने चावी देण्याचा, एका चावीत जेमतेम ३२ सेकंदांचा शॉट मिळायचा. आवाज जागेवर ध्वनिमुद्रित झालाच नाही. नंतर तीन-चार जणांनी मिळून सगळ्या पात्रांचे आवाज काढले, अगदी लहान मुलीचासुद्धा. रात्रीच्या दृश्यांत दिव्यांभोवती किडे घिरट्या घालताना स्पष्ट दिसतात. एका नटीचा सुरुवातीलाच पाय मोडला, तर तिच्यासाठी गाडीत बसून चुंबन घेणाऱ्या जोडप्याची भूमिका लिहिली. कथेशी काडीचा संबंध नसलेलं ते जोडपं सिनेमाभर अधूनमधून भेटत राहतं. सुरुवातीला गाडीतून दिसणारा माळ संपता संपत नाही. त्यावर श्रेयनामावली यायची होती, ती टाकायचीच राहून गेली.

नोव्हेंबर १९६६ मध्ये एल पासोतच प्रीमियर झाला. गावकरी हसले. पुढे पंचवीसेक वर्षं सिनेमा विस्मृतीत गेला.

तो वर आला ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही कार्यक्रमामुळे. जोएल हॉजसनने १९८८ मध्ये मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर तो सुरू केला. पडद्याच्या तळाशी एक माणूस आणि दोन यंत्रमानव यांच्या सावल्या, आणि चालू सिनेमावर त्यांची शेरेबाजी. पुढे कार्यक्रम कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर गेला, तिथे फ्रँक कॉनिफ या लेखकाकडे काम होतं टेपांचे खोके बघून योग्य सिनेमे वेचण्याचं. त्यानेच ‘मॅनोस’ काढला आणि १९९३ च्या जानेवारीत तो प्रसारित झाला. आज तो ओळखला जातो तो या भागामुळे.

हीच त्याची मेख आहे. शेरेबाजीविना ‘मॅनोस’ पाहणं शिक्षा आहे, कारण त्यात घडतच काही नाही. शेरे मारायला रिकाम्या जागा मात्र भरपूर आहेत. तेव्हा मूळ सिनेमा आणि त्याचा शेरेबाजीवाला भाग हे वेगवेगळे समजावेत. आपली मंडळी स्वतः बडबडी नसतील तर भागच लावावा. मंडळी बडबडी असली, तरी ज्यात घटना वेगाने घडतात असा सिनेमा घ्यावा, नाहीतर दहाव्या मिनिटाला टोमणे संपतात.

म्हणजे शोध घ्यायचा तो रेटिंगच्या यादीत नव्हे, तर निवडणाऱ्यांच्या मागावर. ‘मिस्टरी सायन्स थिएटर’च्या भागांची यादी किंवा त्यातल्याच काहींनी नंतर काढलेल्या रिफट्रॅक्स या तशाच शेरेबाजीच्या उपक्रमाची यादी हा चाळलेला माल आहे. कॉपीराइट सुटलेले जुने सिनेमे archive.org वर सापडतात. नाव ठरलं की लगेच लावू नये. मधली कुठलीही दहा मिनिटं आवाजासह बघावीत, सुरुवातीची नव्हेत. त्यात पात्रं नुसती चालत किंवा गाडी चालवत असतील तर पुढचा घ्यावा. कुणी अगदी मनापासून, भलत्याच आवेशात, अर्थहीन संवाद म्हणत असेल तर तो योग्य. ‘गुंडा’ या हिंदी सिनेमातले खलनायक यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात, तो अगदी असा नमुना.

मुद्दाम वाईट काढलेल्या सिनेमांपासून मात्र जपावं. चक्रीवादळातून शार्क उडवणाऱ्या ‘शार्कनाडो’ छापाच्या सिनेमांत विनोद आधीच ठरवलेला असतो आणि प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. याउलट ‘द रूम’मध्ये दिग्दर्शक आणि नायक टॉमी वायझो खरोखरची शोकांतिका करायला निघाला होता. २००३ मध्ये लॉस एंजेलिसात या सिनेमाने तिकिटांतून जेमतेम १८०० डॉलर मिळवले. मग प्रेक्षकांच्या लक्षात आलं की घरातल्या फ्रेममध्ये चमच्याचे फोटो लावले आहेत. तेव्हापासून मध्यरात्रीच्या खेळांना ते फोटो दिसले की लोक प्लॅस्टिकचे चमचे उधळतात. घरी लावणार असाल तर आधी पाहिलेला निदान एक जण सोबत असू द्या, नाहीतर चमचे कधी फेकायचे ते कळायला अर्धा सिनेमा जातो.