लेथपासून सीएनसीपर्यंत: टर्नरच्या हाती काय उरलं?

आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या पट्ट्यात कामाला लागणाऱ्या मुलापुढे साधारण ३५ ते ३८ वर्षांची कमाई असते. तेवढ्या काळात यंत्रं दोन-तीनदा बदलतात. आज काय शिकलं तर शेवटपर्यंत पगाराला उपयोगी पडेल, हे ठरवायचं असेल तर मागच्या बदलात काय बुडालं आणि काय तरलं ते पाहावं लागतं.

कारागिरांना शिकवण्याची केंद्र सरकारची योजना १९५० ची, ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आणि एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. बंगळुरूत १९५३ साली एचएमटी सुरू झाली आणि तिचे लेथ देशभरच्या कारखान्यांत पोचले. त्या काळातल्या टर्नरची किंमत त्याच्या हातावर ठरायची. हायस्पीड स्टीलचं टूल ग्राइंडरवर धरून त्याला नेमका कोन देणं आणि हँडव्हीलवर नुसत्या अंदाजाने शेवटचा कट घेणं हे अंगात मुरायला चार-पाच वर्षं लागत. ज्याला ते जमलं, त्याला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं यायचं.

या कौशल्याच्या मुळाशी घाव घालणारं यंत्र तोवर अमेरिकेत तयार झालेलं होतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे गुंतागुंतीचे आकार कसे कापायचे, या अडचणीतून जॉन पार्सन्स यांची कल्पना निघाली. तिच्यावर काम करून एमआयटीने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन करून दाखवलं. पुढे त्यात संगणक आला आणि त्याचं सीएनसी झालं. आपल्याकडे ते सर्रास दिसू लागलं ते १९९१ च्या उदारीकरणानंतर, वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत. कार्बाइडचं तयार इन्सर्ट आल्यावर टूल घासायची गरज उरली नाही, आणि हँडव्हीलची जागा प्रोग्रामने घेतली. हाताचं जे कसब सर्वांत जास्त वर्षं खाऊन मिळालेलं होतं, तेच आधी गेलं.

ड्रॉइंग वाचणं, मोजमाप आणि धातू कापताना नेमकं काय घडतं याची समज मात्र गेली नाही. कारण मापात किती फरक चालेल, म्हणजे टॉलरन्स, तो ग्राहक ठरवतो. यंत्र बदललं म्हणून टॉलरन्स सैल होत नाही.

एक उदाहरण घेऊ. शाफ्टवर बेअरिंग बसण्याची जागा २५ एच६ आहे, म्हणजे व्यास २४.९८७ ते २५.००० मिमीच्या आत हवा. सगळी सूट १३ मायक्रॉनची. यंत्रावर कापलेला पहिला तुकडा, म्हणजे जॉब, मायक्रोमीटरवर २५.०१२ दाखवतो. यंत्र लावून देणारा सेटर मधला २४.९९३ धरतो, फरक ०.०१९ काढतो आणि यंत्र व्यासाच्या हिशेबात चालत असल्याने टूलच्या मापाची दुरुस्ती जिथे भरतात त्या वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०१९ टाकतो. नवख्या मुलाने त्रिज्या समजून निम्माच आकडा टाकला, तर जॉब २५.००२ च्या आसपास राहतो. त्यावर पुन्हा कट घेता येतो. त्याने दुप्पट टाकला, तर २४.९७४ होतो आणि जॉब भंगारात जातो.

याहून बारीक चूक उष्णतेची. कापून नुकताच काढलेला स्टीलचा जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर २५ मिमी व्यासाला तो सुमारे ६ मायक्रॉन फुगलेला असतो. गरम असताना २४.९९० मोजला म्हणून पास केला, तर थंड झाल्यावर तो २४.९८४ भरतो. संध्याकाळी क्वालिटीवाले अख्खी ट्रे परत पाठवतात आणि ऑपरेटरला वाटतं मशीन बिघडलं. सेटरला ऑपरेटरपेक्षा जास्त पगार मिळतो तो हे कळण्याचा.

या फरकामागचा अर्थशास्त्रीय विचारही एचएमटीच्या लेथच्याच काळातला. शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूक आहे, अशी मांडणी थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये केली. १९६४ मध्ये गॅरी बेकर यांनी तिला एक फार कामाची जोड दिली. काही कौशल्य कोणत्याही मालकाकडे चालतं, काही फक्त एकाच मालकाकडे. सगळीकडे चालणाऱ्या कौशल्याचा खर्च मालक सहसा करत नाही, कारण माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. तो खर्च कामगार स्वतः करतो, बहुतेकदा कमी स्टायपेंड सोसून. एकाच ठिकाणी चालणारं कौशल्य मालक आनंदाने शिकवतो. म्हणूनच, एखाद्या भागासाठी खास बनवलेल्या यंत्रावर कंपनी आग्रहाने बसवते आणि वर थोडा भत्ताही देते, तेव्हा ते शिकावं जरूर, पण तिथेच दहा वर्षं काढू नयेत.

आकडे मांडून पाहू; ते फक्त हिशेबापुरते धरलेले आहेत. ऑपरेटरचा पगार १५,००० रुपये. सहा महिने काम सोडून सेटिंग-प्रोग्रामिंगचा कोर्स केला, फी ४०,००० आणि बुडालेला पगार ९०,०००, म्हणजे खर्च १ लाख ३० हजार. त्यानंतर महिन्याला ६,००० जास्त मिळाले, तर खर्च २२ महिन्यांत फिटतो. हा फरक २५ वर्षं टिकला तर १८ लाख होतात. खास यंत्रावर मात्र महिन्याला ९,००० जास्त मिळाले आणि ते यंत्र चार वर्षांत हटलं, तर हाती पडतात ४ लाख ३२ हजार. व्याज धरलं की दोन्ही आकडे खाली येतात, पण मोठा तो मोठाच राहतो. भत्ता किती आहे याच्याआधी तो किती वर्षं मिळेल ते विचारायचं, ते यासाठी.

क्रमालाही तितकंच महत्त्व आहे. पहिल्या वर्षी मोजमाप आणि ड्रॉइंग, दुसऱ्या वर्षी ऑफसेट, टूल बदलणं आणि पहिला जॉब पास करून घेणं, मग प्रोग्राममध्ये दुरुस्ती, आणि त्यानंतर संगणकावर प्रोग्राम तयार करून देणारं कॅम सॉफ्टवेअर. हल्ली उलटं फार होतं. मुलगा तीन महिन्यांचा कॅमचा कोर्स करून थेट प्रोग्रामरची नोकरी शोधतो. पडद्यावर टूल छान फिरतं, प्रत्यक्षात ते जॉब पकडणाऱ्या क्लॅम्पवर आदळतं, कारण जॉब कसा पकडतात हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. आपण पुढे सरकलो की नाही हे ओळखायची खूणही साधी आहे. मशीन थांबल्यावर आपण सेटरला हाक मारतो की लोक आपल्याला हाक मारतात?

आता पुढचा बदल दारात आहे. बॅटरीवरच्या गाडीत क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, पिस्टन नसतात, आणि गिअरबॉक्सचे भागही फार कमी होतात. क्रँकशाफ्टच्या एकाच लाइनवर उभं आयुष्य काढलेल्या ऑपरेटरला त्याची झळ आधी लागेल. पण गाडी चालवणाऱ्या मोटरलाही शाफ्ट असतो, त्यावर बेअरिंग बसतं आणि त्या जागेचा टॉलरन्सही मायक्रॉनमध्येच असतो. गरम जॉब मोजायचा नाही हे ज्याला कळतं, त्याला त्या लाइनवर नवी शिकायची ती फक्त यंत्राची बटणं.