दाबोळीचा उकाडा आणि मॅकचा आकडा

दाबोळीहून नौदलाचे मिग-२९के उडाले की चिखली-बोगमाळोत तावदाने थरथरतात आणि "गेलं बघ आवाजाच्या पुढे!" असे कोणीतरी म्हणतेच. तो गडगडाट खरे तर इंजिनाचा असतो, उड्डाण घेताना विमान आवाजाच्या बरेच मागे असते. पण "आवाजाच्या पुढे" म्हणजे नेमके किती, याचे उत्तर हवा किती तापली आहे त्यावर ठरते. १५ अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो. गोव्यातल्या ३० अंशांच्या दुपारी तोच ३४९ मीटर जातो.

न्यूटनने १६८७ मध्ये हा वेग गणिताने काढला, तेव्हा उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आले. १७४० मध्ये इटलीतल्या बोलोन्यात बियांकोनीने उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तोफेच्या बारांच्या वेळा मोजून दाखवले की उबदार हवेत आवाज लवकर पोहोचतो. न्यूटनची चूक कुठे होती, ते १८१६ मध्ये लाप्लासने सांगितले. ध्वनिलहरीत हवा दाबली जाते तेव्हा ती क्षणभर तापते, ही उष्णता निसटायला वेळच मिळत नाही, आणि तापलेली हवा जास्त जोराने उसळी घेते. न्यूटनने तापमान स्थिर धरले होते.

याच्या मुळाशी रेणू आहेत. ध्वनी म्हणजे एका रेणूने शेजाऱ्याला दिलेला धक्का, आणि रेणू जितके चपळ तितका धक्का लवकर पुढे सरकतो. रेणूंची चपळता म्हणजेच तापमान. म्हणून वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या रोजच्या हवेत दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर, असे लक्षात ठेवले तरी चालते. उंचावर ध्वनी मंदावतो तो हवा विरळ असते म्हणून, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. वर जाताना दाब आणि घनता दोन्ही घटतात आणि या हिशेबात एकमेकींना छेदून जातात. उरते ते फक्त तापमान.

विमानासाठी हे कळीचे ठरते, कारण पंखावरून हवा कशी वाहील हे ताशी किलोमीटरवर नव्हे, तर विमानाचा वेग आणि तिथल्या ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तरावर ठरते. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट माख यांनी १८८७ मध्ये गोळीपुढच्या धक्कालहरीचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. १९२९ मध्ये स्विस अभियंता आकेरेट यांनी या गुणोत्तराला त्यांचे नाव दिले. आपण त्याला मॅक म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धात पी-३८ विमानाच्या वैमानिकांना त्याची ओळख फार महागात पडली. खूप उंचावरून सूर मारताना पंखावरची हवा ध्वनीचा वेग ओलांडे, नाक खाली झुके आणि दांडा ओढला तरी विमान वर येईना. खाली आल्यावर मात्र ताबा कधी कधी परत मिळे. दाट हवेने वेग कमी होई, शिवाय खालच्या उबदार हवेत ध्वनीचाच वेग वाढे, म्हणजे मॅक दोन्ही बाजूंनी उतरे. अर्थात तोवर उंची शिल्लक असायला हवी.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी मोहावी वाळवंटावर बेल एक्स-१ मधून मॅक १.०६ गाठला, तेव्हा ते सुमारे १३ किलोमीटर उंचीवर होते. प्रमाण वातावरणात तिथे उणे ५६.५ अंश धरतात, म्हणजे ध्वनी ताशी १,०६२ किलोमीटर. त्याच्या १.०६ पट म्हणजे ताशी सुमारे १,१२६. आता हाच वेग दाबोळीच्या किनाऱ्यावर, लाटांना लागून, ३० अंशांत धरा. इथे ध्वनी ताशी १,२५६ किलोमीटर जातो, म्हणून मॅक येतो जेमतेम ०.९०. तोच वेग, पण इथे ध्वनीची सीमा ओलांडलीच जात नाही.

दिल्लीला जाणाऱ्या प्रवासी विमानातही हाच हिशेब चालतो. उंचावर वैमानिक मॅक धरून उडतो, समजा ०.७८. मॅकमापकाला तापमान लागत नाही, दोन दाबांच्या तुलनेवरून तो आकडा काढतो. पण खरा वेग काढायचा तर बाहेरचे तापमान हवे, आणि तिथे एक खाच आहे. बाहेर उणे ४२ अंश असले तरी समोरून आदळणारी हवा तापमापकापाशी थांबताना दबून तापते, आणि तो सुमारे उणे १४ दाखवतो. संगणक ही वाढ वजा करतो, तेव्हा खरा वेग ताशी ८५६ किलोमीटरच्या आसपास येतो. वजाबाकी राहिली, तर पडद्यावर ताशी ९०६ दिसतील आणि पोहोचण्याची वेळ आणि वाऱ्याचा अंदाज, दोन्ही चुकतील.